छोटी लाइन, मोठी लाइन



मागच्या महिन्यात एका लग्नात आम्ही चार-पाच जणी बसलो होतो आणि विषय निघाला, आपल्या लहानपणी पाहुणा येणार हे कळायचं कसं? माझ्या सुनेला हे खरंच माहीत नव्हतं. तिला वाटलं, पाहुणा दारात उभा राहिला की कळत असेल! तसंही व्हायचं म्हणा. पण परदेशी गेलेलं, वर्षानुवर्षं न भेटलेलं माणूस येणार असेल तर घरातलं कोणी ना कोणी स्टेशनावर जायचंच. तिथे पहिल्या पाच मिनिटांत काय बोलायचं आणि काय नाही बोलायचं, याचेही नियम होते. आज त्याबद्दल लिहिते.

आधी आपल्या चंद्रपूरची गंमत समजून घ्यायला हवी. गाव एक आणि स्टेशनं दोन. एक मोठ्या लाइनीचं आणि एक छोट्या लाइनीचं.

मोठी लाइन आपल्याकडे आली ती माणसांसाठी नाही, कोळशासाठी. १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रूळ टाकले ते तिथल्या खाणीचा कोळसा न्यायला. पुढे ती लाइन चांद्यावरून बल्लारशापर्यंत गेली. तिकडून निजामाच्या रेल्वेने काझीपेठपासून रूळ आणून जोडले आणि १९२९ साली ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली. तेव्हा ती थेट पेशावर ते मंगळूर अशी जायची. म्हणजे बघा, आपल्या जंगलातल्या चांद्यावरून एका टोकाला पठाण आणि दुसऱ्या टोकाला नारळाची झाडं! दिल्ली, मद्रास, आणि वर्ध्याला बदलून मुंबई, अशी सगळी माणसं या लाइनीने यायची.

छोटी लाइन बंगाल नागपूर रेल्वेची. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. गोंदियाहून निघायची, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल असं जंगल कापत चांदा फोर्टला येऊन संपायची. पुढे रूळच नव्हते. चांदा फोर्टवरून बल्लारशाला रेल्वेने जाता येऊ लागलं ते १९९० च्या दशकात ही लाइन रुंद झाल्यावर. आज गडचिरोली वेगळा जिल्हा आहे, १९८२ पासून, पण त्या आख्ख्या जिल्ह्याला चालतं स्टेशन आजही एकच, वडसा म्हणजे देसाईगंज. गडचिरोलीच्या लेकीबाळी माहेरी यायच्या त्या वडशाला उतरून, पुढे पन्नासेक किलोमीटर बसने.

१९६४ च्या सुमारास गावाचं नाव चांद्याचं चंद्रपूर झालं. पण माणसांच्या तोंडात चांदाच राहिलं. बाहेर राहणारे आपले लोक तर पत्रातही चांदाच लिहायचे. आता तारेत कोणी "चांद्याला पोचतो" एवढंच लिहिलं, तर कोणत्या स्टेशनावर जायचं?

तार ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तारेचे पैसे शब्दाप्रमाणे लागत आणि पत्त्यातले शब्दसुद्धा मोजले जात. मी कॉमर्सची, मला हा हिशेब फार आवडायचा. बाबा तार लिहायला बसले की एकेक शब्द खोडत. त्यामुळे तारेत "सेवाग्रामने येतो, फोर्टला नाही" असलं काही नसायचं. "रीचिंग ट्यूज्डे", झालं. त्या दोन शब्दांवरून घरच्यांनी ओळखायचं, की कोण कुठून निघालं, कोणती गाडी धरली असेल, ती कुठे बदलली असेल. बाबांकडे रेल्वेचं जुनं वेळापत्रक होतं, कोपरे दुमडून त्याची पोळी झालेली. पाहुण्याच्या आदल्या रात्री ते काढून बसायचे. तारेची सेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली तेव्हा मला पहिल्यांदा ते वेळापत्रक आठवलं.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती जानेवारी १९७२ ची. बांगलादेशचं युद्ध संपून महिना झाला होता. माझे धाकटे काका आसामात चहाच्या मळ्यावर हिशेबनीस होते. दहा वर्षं झाली होती त्यांना जाऊन, आणि मधे एकदाही येणं झालं नव्हतं. मी अकरा-बारा वर्षांची. मला ते फक्त फोटोतून माहीत, मोठा भाऊ सतराचा, त्याला थोडे आठवत होते.

आमची आजी त्या महिन्यात एका गुरुवारी गेली. शुक्रवारी सकाळी बाबांनी मळ्यावर तार केली. पण काका तोवर निघालेले होते. आजी आजारी आहे म्हणून पंधरा दिवसांपूर्वी टाकलेलं अंतर्देशीयही त्यांना मिळालं नव्हतं, हे नंतर कळलं. सोमवारी दुपारी कलकत्त्याहून त्यांची तार आली. सहा शब्द होते: "रीचिंग चांदा ट्यूज्डे मॉर्निंग इन्फॉर्म मदर."

आईला सांगा. हे शेवटचे दोन शब्द काकांना फुकट नव्हते पडले. बाबा ती तार हातात घेऊन ओट्यावर बसले ते मला अजून दिसतं. त्या दोन शब्दांवरून कळलं, की त्याला काहीच माहीत नाही.

मग प्रश्न स्टेशनाचा. कलकत्त्याहून मुंबईकडे येणारी गाडी गोंदियावरून नागपूरला जाते. काका गोंदियाला उतरून रात्रीची छोटी गाडी धरू शकत होते, ती सकाळी फोर्टला येते. किंवा नागपूरपर्यंत जाऊन तिथून मोठ्या लाइनीने येऊ शकत होते. बाबांचा अंदाज होता, की दहा वर्षांचं सामान घेऊन माणूस छोट्या गाडीत चढणार नाही. म्हणून मोठ्या लाइनीवर ते स्वतः गेले. फोर्टला खबरदारी म्हणून भावाला पाठवलं, आणि मी हट्ट करून त्याच्या मागे गेले. नाहीतर आमच्यात बायामुली तेव्हा स्टेशनावर जात नसत. बायकांची भेट उंबऱ्यावर. माणूस दारात आलं की पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग आत घ्यायचं. स्टेशनावरची पहिली बोलणी पुरुषांची आणि उंबऱ्यावरची बायकांची, अशी वाटणीच होती.

निघताना बाबांनी भावाला सांगितलं, "घरी येईपर्यंत आजीचं काही बोलायचं नाही. आणि खोटंही बोलायचं नाही."

पहिल्या वाक्याचं कारण सांगते, कारण आजच्या मुलींना हा निर्दयपणा वाटतो. घरातलं माणूस गेल्याची बातमी स्टेशनावर सांगायची नाही, हा नियम केवळ आमच्या घरचा नव्हता. प्रवास करून आलेलं माणूस उपाशी असतं. बातमी ऐकली की ते जेवत नाही. आणि आपल्याकडे रात्रीचं जेवण नाही. म्हणजे संध्याकाळच्या गाडीने आलेल्याला फलाटावर सांगून टाकलं, तर तो दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्नपाण्यावाचून राहणार. चार-पाच दिवस गाडीत काढलेलं माणूस हे सोसत नाही, भोवळ येऊन पडलेले लोक आमच्या मोठ्यांनी पाहिले होते. म्हणून आधी दोन घास, मग निरोप. शिवाय स्टेशनावर रडायला आडोसा नसतो. हमाल, टांगेवाले, तिकीट गोळा करणारा, सगळ्यांसमोर माणसाने कोसळावं हे बरं नाही, असंही ते मानत.

दुसरं वाक्य कठीण होतं. न सांगणं सोपं, पण विचारल्यावर? "आजी बरी आहे" म्हटलं तर असत्य. आपल्या अणुव्रतात त्याला सवलत नाही. तेव्हा मोठी माणसं काय करत, तर पहिली पाच मिनिटं कामाने भरून टाकत. सामान मोजायचं. "किती नग आहेत?" हा पहिला प्रश्न. मग "गाडी लेट झाली का?", "जागा मिळाली का?", "पाणी घ्या". उत्तर देणाऱ्याला उसंत मिळू द्यायची नाही. मी पुढे आयुष्यभर अनेकांना आणायला गेले आणि माझ्या लक्षात आलं, की सुखाच्या भेटीतही लोक हेच प्रश्न याच क्रमाने विचारतात. "किती वाळला रे!" हे त्यानंतर. घरच्यांची चौकशी सगळ्यात शेवटी, चालता चालता.

भावाकडे पितळेचा लोटा दिला होता, गाळलेलं पाणी, तोंडाला फडकं बांधलेलं. दुसऱ्या फडक्यात दशम्या. घरात सुतक, म्हणून त्या शेजारच्या काकूंनी करून दिल्या होत्या. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस टिकते, हे तुम्हाला सांगायला नको.

फोर्टला फलाट बुटका होता. बाहेर पडायची वाट एकच, तिथे तिकीट घेणारा उभा. भाऊ म्हणाला, डब्याडब्यांतून शोधायचं नाही, इथेच थांबायचं, माणूस इथूनच जाणार. (हे तंत्र मी अजून वापरते. बल्लारशासारख्या मोठ्या स्टेशनावर मात्र ते चालत नाही, तिथे पुलाच्या पायथ्याशी थांबावं.) कोळशाचं इंजिन होतं. छोट्या गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचे डोळे लाल आणि गळपट्टी काळी. त्यामुळे ओळखणं आणखीच अवघड. पाणी पाहिजे असायचं ते आधी डोळ्यांना, मग प्यायला.

काका भावासमोरून निघून गेले होते. मग त्यांनीच वळून पाहिलं आणि म्हणाले, "तू दादाचा काय?" आवाज अगदी बाबांचा. भावाने वाकून नमस्कार केला. काका दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे पाहत राहिले. गेले तेव्हा भाऊ त्यांच्या कमरेएवढा होता, आता खांद्याला खांदा.

"दादा नाही आले?"

"मोठ्या लाइनीवर गेले. आम्हाला वाटलं तुम्ही तिकडून येसाल."

"मी गोंदियाला उतरलो. नागपूरला जाऊन पुन्हा खाली येण्यात अर्धा दिवस जाते." मग माझ्याकडे वळून, "ही कोण?" भावाने सांगितलं. मी जन्मले तेव्हा ते गावातच होते, पण त्यांच्या डोळ्यांसमोर एक वर्षाची मी होते.

"किती नग आहेत काका?" भावाने विचारलं. ट्रंक, वळकटी आणि एक वेताची टोपली. टोपलीत आजीसाठी काय होतं ते नंतर उघडलं गेलं, ते इथे लिहीत नाही.

"आई कशी आहे?" काकांनी विचारलंच.

भाऊ म्हणाला, "काका, आधी डोळे धुवा." लोटा पुढे केला. काकांनी डोळे धुतले, चूळ भरली, पाणी मात्र प्यायले नाहीत. भावाने दशम्यांचं फडकं सोडलं. बाबांनी सांगितलं होतं, स्टेशनावरच थोडं खाऊ घाल. इथे सगळं बिनसलं. काका हसून म्हणाले, "अरे, दर्शनाआधी मी कधी खाल्लं काय? पाच दिवसांपासून गाडीत फोटोला हात जोडून खातो आहे. आज चांद्यात आलो. आधी मंदिराशी थांबव रिक्षा, दर्शन घेऊ, मग घरी."

इतकी वर्षं घराबाहेर काढून या माणसाचा नेम टिकला होता. आणि नेमकं त्यानेच सगळं उघडं पडणार होतं. आमच्या घरी सुतकात मंदिराची पायरी चढत नसत. बारा दिवसांतला तो सहावा दिवस.

भाऊ गप्प. रिक्षावाल्याने ट्रंक चढवली. भाऊ म्हणाला, "आज आधी घरी जाऊ काका."

"दोन मिनिटांचं काम आहे. वाटेवर तर आहे."

"आपल्याला नाही जाता येत, काका."

याच्यात खोटं एक अक्षर नव्हतं. बाबांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी सतरा वर्षांच्या पोराने पाळल्या होत्या. पण जैन घरात वाढलेल्या माणसाला हे वाक्य पुरतं. काका रिक्षाच्या दांडीला धरून उभे राहिले. त्यांनी "का?" विचारलं नाही, "कोण?" विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कधी?"

"गुरुवारी."

मग ते रिक्षात बसले. मला मांडीवर घेतलं, मी मोठी होते मांडीवर घ्यायला, पाय खाली लोंबत होते. परकोटाच्या आत येईपर्यंत ते एकच बोलले, "कितवीत आहेस?" मी म्हटलं, सहावीत. घरी दारात आईने पायावर पाणी घातलं. भाकरतुकडा ओवाळला नाही. बाबा अजून मोठ्या लाइनीवरच होते, ती गाडी दीड तास उशिरा आली. त्यात काका नाहीत असं पाहून ते परत आले तेव्हा ओट्यावर दोन चपला दिसल्या. ते आत गेले. दोघं भाऊ काय बोलले ते मला माहीत नाही, आम्हाला बाहेर काढलं होतं. काकांनी त्या दिवशी काही खाल्लं नाही. सूर्य बुडायला तासभर असताना शेजारच्या काकूंनीच दटावलं म्हणून अर्धी दशमी आणि पाणी घेतलं.

माझा भाऊ पुढे कित्येक वर्षं म्हणायचा, की मी तेव्हाच "आज मंदिर बंद आहे" म्हणालो असतो तर काका निदान जेवून तरी बसले असते. यावर आमचा वाद व्हायचा. बाबांनी मात्र त्याला कधी दोष दिला नाही. चूक झालीच असेल तर ती वेळापत्रकात, असं ते म्हणत. त्यांनी गाडी ओळखण्यात चूक केली आणि मोठ्याचं काम पोराच्या माथी आलं.

खरं पाहिलं तर ही सगळी रीत एका गोष्टीवर उभी होती: बातमी माणसापेक्षा हळू चालायची. नागपूरला १९४९ पासून रात्रीची टपालाची विमानं यायची, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांची. मध्यरात्री तिथे थैल्यांची अदलाबदल होऊन सकाळी ती परतलेली असायची. शहरातून शहरात पत्र त्यामुळे झपाट्याने जाई. पण शहरापासून मळ्यापर्यंत, किंवा आपल्याकडे भामरागड-सिरोंच्यापर्यंत, पत्र पुन्हा बैलगाडीच्या चालीवरच यायचं. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की अडकायचं. म्हणून घरी काय झालं आहे हे येणाऱ्याला ठाऊक नाही, आणि स्टेशनावरच्या माणसाला ठाऊक आहे, अशी ती पाच मिनिटं तयार व्हायची. ट्रंक कॉल घरोघर आले तशी ती कमी होत गेली. मोबाइलने संपलीच.

माझा भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनात गेला. त्याचा मुलगा कॅनडात. विमानं बंद होती. त्याने सगळं फोनवर पाहिलं, आम्हीही फोनवरच पाहिलं म्हणा. दीड वर्षाने, २०२२ च्या डिसेंबरात तो आला, नागपूरला, दुपारी चारच्या विमानाने. चंद्रपूर तिथून दीडशे किलोमीटर, तीन तास धरून चालायचे. त्याला आणायला मी गेले. आता बायकांनी जायचं नाही असं कोणी म्हणत नाही.

विमानतळावर आत सोडत नाहीत. काचेच्या दाराबाहेर कठड्याला टेकून उभं राहायचं. फोनवर तो मला सांगत होता, "आत्या, बॅगा आल्या. आत्या, मी दिसतो का?" आणि मग तो दिसला, फोन कानाला लावलेला, आणि आम्ही दोघंही समोरासमोर येऊन दोन क्षण फोनमध्येच बोलत राहिलो. दर रविवारी व्हिडिओवर पाहत होते त्याला, तरी मला वाटलं हा इतका उंच कधी झाला? फोनवर उंची दिसत नाही.

मी म्हटलं, "किती नग आहेत?"

तो हसला. म्हणाला, "बाबा पण हेच विचारायचे."

विचारण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. कोण गेलं, कोणाचं लग्न ठरलं, घराला कोणता रंग दिला, सगळं त्याला माहीत होतं. आणि भावाबद्दल बोलायला दोघांनाही तिथे सुचेना. गाडीकडे जाताना त्याने घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "आत्या, सूर्यास्त किती वाजता आहे?" मी म्हटलं, साडेपाचच्या पुढे थोडा. चंद्रपूर तर रात्रीच येणार होतं. पार्किंगमध्येच गाडीची मागची डिकी उघडून मी डबा काढला, फडकं सोडलं. लोट्याऐवजी स्टीलची बाटली, पाणी घरचंच, गाळलेलं. ड्रायव्हर म्हणत होता, पार्किंगचे पैसे वाढतील ताई. मी म्हटलं, वाढू दे.

तो उभ्या उभ्या खायला लागला. दोन दशम्या झाल्यावर म्हणाला, "या बाबांना आवडायच्या." मग तिसरी घेतली.